स्पॅनिश प्रश्नांबद्दलचा तो फॉरवर्ड साफ चुकीचा आहे

"स्पॅनिशमध्ये प्रश्न विचारणं एकदम सोपं! वाक्य आहे तसंच ठेवा, शेवटी आवाज वर न्या, झाला प्रश्न. ते उलटं प्रश्नचिन्ह आता स्पेनमधलेही कुणी लिहीत नाहीत, परीक्षेतही चालतं. अक्षरांवरच्या रेघा म्हणजे नुसती सजावट. आणि काय, कोणता, सगळ्याला एकच शब्द: के."

हा मजकूर माझ्या भाचीच्या क्लासच्या ग्रुपवर फिरतोय. ती स्पॅनिशच्या पहिल्या परीक्षेची तयारी करतेय. तिनं तो खरा मानला आणि सरावाचं पत्र त्याच पद्धतीनं लिहून मला तपासायला पाठवलं. पत्रातली एक ओळ अशी होती:

```
Hola Marta, cuando llegas? Por que no me escribes? Si llueve donde nos vemos?
```

मार्ता कधी पोचणार, ती पत्र का लिहीत नाही आणि पाऊस आला तर कुठे भेटायचं, हे तिला विचारायचं होतं. त्यातला तिसरा प्रश्न स्पॅनिश माणूस कसा वाचेल ते बघा. 'दोंदे' म्हणजे कुठे. पण त्यातल्या ओ वर तिरकी रेघ नसेल तर तोच शब्द 'जिथे' होतो. म्हणजे वाक्याचा अर्थ झाला, 'आपण भेटतो तिथे पाऊस पडला तर?' भाचीला जागा विचारायची होती आणि कागदावर विचारली गेली पावसाची शक्यता. रेघा सजावटीच्या असत्या तर हे घडलं नसतं. फॉरवर्डमधला सगळ्यात घातक भाग हाच आहे, म्हणून आधी त्यावर.

या रेघेला स्पॅनिशमध्ये तील्दे म्हणतात. के, क्येन, क्वाल, कोमो, क्वांदो, दोंदे, क्वांतो, म्हणजे काय, कोण, कोणता, कसा, कधी, कुठे, किती, हे शब्द खरोखर काही विचारत असतील तेव्हा त्यांच्यावर तील्दे येते आणि बोलताना त्यांच्यावर जोर पडतो. हेच शब्द नुसते दोन वाक्यं जोडत असतील, म्हणजे आपल्या 'की', 'जेव्हा', 'जिथे', 'जसं' यांचं काम करत असतील, तेव्हा तील्दे नसते आणि जोरही नसतो. मराठीत 'कधी' आणि 'जेव्हा' हे शब्दच वेगळे आहेत, त्यामुळे घोळ होत नाही. स्पॅनिशमध्ये हा सगळा भार त्या एका रेघेवर आहे. हे तीन नमुने शेजारी ठेवून बघा:

```
¿Cuándo me llamas?
¿Cuando llegues me llamas?
No sé cuándo llega.
```

पहिलं, 'मला फोन कधी करशील?' इथे क्वांदो विचारतोय, म्हणून तील्दे. दुसरं, 'पोचल्यावर मला फोन करशील का?' वाक्य प्रश्नार्थक आहे, पण क्वांदो काहीच विचारत नाही, तो फक्त 'पोचशील तेव्हा' एवढंच सांगतो. म्हणून प्रश्नचिन्हांच्या आत असूनही तो बिनरेघेचा. तिसरं, 'ती कधी येते ते मला माहीत नाही.' इथे प्रश्नचिन्ह नाही, वाक्य साधं विधान आहे, तरी क्वांदोवर रेघ आहे, कारण त्याच्या पोटात प्रश्न दडलेला आहे. म्हणजे 'प्रश्नचिन्ह दिसलं की रेघ द्या' हा शॉर्टकटही चालत नाही. त्या जागी मराठीत कधी, कुठे, कसा बसतंय की जेव्हा, जिथे, जसा, एवढं मनात तपासलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं. पत्रातल्या 'पोर के'चंही तसंच. दोन शब्द आणि रेघ असेल तर 'का?', एकच शब्द आणि रेघ नसेल तर 'कारण'. भाचीनं लिहिलं ते या दोन्हींत बसत नाही.

आता आवाज. वरच्या नमुन्यांतला पहिला आणि दुसरा मोठ्यानं म्हटले की फॉरवर्डमधला नियम तिथेच कोसळतो. माद्रिदसारख्या ठिकाणच्या बोलण्यात दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे ज्याचं उत्तर हो किंवा नाही येतं त्याचा, शेवट वर चढतो. शेवटच्या जोराच्या अक्षरापर्यंत आवाज हळूहळू उतरत येतो आणि तिथून वर उचलला जातो. पण पहिल्या प्रश्नात जोर क्वांदोच्या 'क्वां'वर असतो, आवाज तिथेच उंच असतो, आणि मग साध्या विधानासारखा खाली उतरत संपतो. प्रश्नशब्दानं सुरुवातीलाच प्रश्न जाहीर केलेला असतो, शेवटी पुन्हा सांगायची गरज नसते. आपणही 'तू कधी येणार?' म्हणताना 'कधी'वरच जोर देतो आणि शेवट खाली सोडतो. जे मराठी माणसाला जन्मापासून येतं, ते हा मजकूर विसरायला लावतोय.

प्रश्नशब्दाच्या प्रश्नाचा शेवट वर नेता येतच नाही असं नाही. पण मग त्यात जास्तीचं काहीतरी मिसळतं. कधी तो आर्जवी, आपुलकीनं विचारल्यासारखा वाटतो. कधी समोरच्याचाच प्रश्न परत म्हटल्यासारखा होतो, म्हणजे 'मी कधी येणार, असं विचारतेयस?' प्रत्येक प्रश्नाला ही चढण लावली तर साधी चौकशी साधी राहत नाही.

'चहा की कॉफी' असा पर्याय विचारतानाही तेच. 'क्येरेस ते ओ काफे?' यात 'ते'वर आवाज चढतो आणि 'काफे'वर उतरतो. 'काफे'वरही चढवला, तर ऐकणाऱ्याला वाटतं की चहा, कॉफी असं काही घेणार का एवढंच विचारलंय, आणि तो नुसतं 'हो' म्हणून मोकळा होतो. शिवाय हो-नाहीच्या प्रश्नाचा शेवट सगळीकडे वर जातो असंही नाही. क्यूबा, प्वेर्तो रिको आणि कॅनरी बेटांवरच्या बोलण्यात असा प्रश्न शेवटच्या जोराच्या अक्षरावर उंच जातो आणि लगेच खाली पडतो. ज्यांचा कान फक्त चढ शोधतो, त्यांना तो प्रश्न कळतच नाही.

वाक्य आहे तसंच ठेवण्याबद्दल, अर्धं खरं आहे हे मान्य करायला हवं. हो-नाहीच्या प्रश्नात 'मार्ता ब्येने मान्याना' आणि 'ब्येने मार्ता मान्याना', म्हणजे 'मार्ता उद्या येतेय', दोन्ही चालतं. इंग्रजीसारखं वेगळं सहाय्यक क्रियापद आणावं लागत नाही, मराठीतल्या 'का'सारखा शब्दही जोडावा लागत नाही. पण प्रश्नशब्द आला की क्रियापद त्याला चिकटून येतं आणि कर्ता मागे जातो. 'दोंदे बीबे मार्ता?', म्हणजे 'मार्ता कुठे राहते?', हे बरोबर. 'दोंदे मार्ता बीबे?' हे स्पेनमध्ये कानाला खटकतं. 'पोर के' तेवढं सैल आहे, त्याच्यानंतर कर्ता येऊ शकतो. कॅरिबियन भागात 'तुला काय हवंय?' या अर्थी 'के तू क्येरेस?' असं सर्रास ऐकू येतं, तिथे ते अगदी सहज आहे, पण शिकणाऱ्यानं सुरुवात तिथून करू नये.

यातून उलटं प्रश्नचिन्ह का आहे ते आपोआप कळतं. 'ब्येने मार्ता मान्याना' या शब्दांत प्रश्नाची काहीच खूण नाही. वाचणाऱ्याला ओळ संपेपर्यंत पत्ता लागत नाही, आणि तोवर त्यानं विधानाच्या सुरात वाचून टाकलेलं असतं. भाषेचे नियम ठरवणाऱ्या स्पॅनिश अकादमीनं 1754 च्या शुद्धलेखनाच्या पुस्तकात हे चिन्ह आणलं ते याच अडचणीसाठी, मुख्यतः लांब वाक्यांकरता. प्रश्नाचा सूर जिथून सुरू होतो त्या शब्दाआधी ते लावायचं, असं तिथं सांगितलं. म्हणजे ते सुराचं चिन्ह आहे. म्हणूनच ते नेहमी वाक्याच्या सुरुवातीला येत नाही. 'पाऊस आला तर' हा भाग प्रश्न नाही, त्यामुळे तो चिन्हाच्या बाहेर राहतो. हाक मारलेलं नाव आधी आलं तर तेही बाहेर, शेवटी आलं तर आत:

```
Marta, ¿vienes mañana?
¿Vienes mañana, Marta?
```

स्पेनमधले लोक मोबाईलवर गप्पा मारताना ते गाळतात, हे खरं आहे. रोजच्या चॅटमध्ये नुसतं शेवटचं चिन्ह खूप दिसतं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण त्यावरून 'कुणीच लिहीत नाही' म्हणणं हा कळस आहे. वर्तमानपत्रं, पुस्तकं, सिनेमाच्या खालच्या ओळी, सरकारी अर्ज, सगळीकडे दोन्ही चिन्हं असतात. 2010 मध्ये स्पॅनिश भाषेच्या 22 अकादमींनी मिळून काढलेल्या 'ओर्तोग्राफिया' या शुद्धलेखनाच्या पुस्तकात सुरुवातीचं चिन्ह लावायलाच हवं आणि दुसऱ्या भाषांची नक्कल म्हणून ते गाळू नये, असं स्पष्ट आहे. परीक्षेत प्रमाण लेखनच अपेक्षित असतं. ज्या मुलांनी पुढे फी भरून परीक्षेला बसायचंय, त्यांना 'चालतं' म्हणून सांगणाऱ्याचा मला खरंच राग आला.

'सगळ्याला के' हेही नको. व्याख्या किंवा ओळख विचारायची तर के. अनेकांतून नेमकं एक सांगायला लावायचं तर 'एस', म्हणजे 'आहे', याच्या आधी क्वाल. 'तुझा नंबर काय?' यातल्या 'काय'ला फसून मराठी मुलं 'के एस तू नूमेरो' म्हणतात. बरोबर आहे ते 'क्वाल एस तू नूमेरो'. के लावलं तर 'तुझा नंबर म्हणजे काय चीज आहे?' असं विचारल्यासारखं होतं. शेजारी, साठी, बरोबर असा अर्थ देणारे शब्द मात्र प्रश्नशब्दाआधीच येतात. 'कोणाबरोबर'मध्ये आपण 'बरोबर' मागे चिकटवतो, ते 'कोन क्येन' म्हणून पुढे लावतात. इंग्रजीसारखं ते वाक्याच्या शेवटी लोंबकळत ठेवता येत नाही.

भाचीच्या पत्राची दुरुस्त ओळ अशी:

```
Hola, Marta. ¿Cuándo llegas? ¿Por qué no me escribes? Si llueve, ¿dónde nos vemos?
```

पहिले दोन्ही प्रश्न वरून सुरू होऊन उतरतात. तिसऱ्यात स्वल्पविरामापाशी आवाज थोडा वर टांगलेला राहतो, मग 'दों'वर जोर आणि तिथून उतार. प्रत्येक चिन्हानंतर वेगळा पूर्णविराम देऊ नका, तो त्या प्रश्नचिन्हातच आहे.

'टाइप करता येत नाही' ही तक्रारही ग्रुपवर दिसली. फोनच्या कीबोर्डवर ? दाबून धरलं की ¿ समोर येतं, स्वर दाबून धरला की रेघेचं अक्षर येतं. विंडोजवर Alt दाबून धरून उजवीकडच्या आकड्यांवर 168 टाइप केलं की ¿ उमटतं. रोज लिहायचं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन स्पॅनिश कीबोर्ड जोडून घ्या.