व्हॅल्यूअर निवडताना घ्यायची काळजी (म्हणजे न घ्यायची)

वाडवडिलांचं घर विकलंय आणि कॅपिटल गेन्ससाठी, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरच्या करासाठी, खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ची किंमत काढून हवीय? मग बाजारात भेटेल तो पहिला व्हॅल्यूअर पकडा. मी तेच केलं.

नोंदणी क्रमांक विचारू नका, माणसाला अपमान वाटतो.

विचारलाच, तर तो कशाच्या मूल्यांकनासाठी दिलाय हे तरी पाहू नका. संपत्ती कर बंद होऊन वर्षं लोटली, पण त्याच १९५७च्या कायद्याच्या कलम ३४एबीखालची नोंदणी आयकरवाले आमच्या वेळीही मागत होते, आणि ती मालमत्तेच्या प्रकारानुसार वेगवेगळी असायची : घर-जमीन वेगळी, यंत्रसामग्री वेगळी, दागिने वेगळे. आमच्या साहेबांची होती यंत्रसामग्रीची. आमचा जळगावचा धाब्याचा वाडा त्यांना बहुधा ट्रॅक्टर वाटला असावा.

पाहणीचा आग्रह तर मुळीच नको. मे महिना, चव्वेचाळीस डिग्री, साहेब एसी गाडीतूनच म्हणाले, "आकडा कितला टाकू, भाऊ?" टेप बाहेर निघाला नाही. अहवालात फोटो शेजारच्यांचा, दारातल्या त्यांच्या बाजेसकट, आणि छप्पर लिहिलं 'मंगलोरी कौलारू'. अहो, धाबं आहे ते! माती थापलेलं धाबं! लहानपणी आम्ही त्यावर झोपायचो!

आकडा मात्र झकास : २००१ची किंमत १८ लाख. जानेवारी २०२५मध्ये घर गेलं ६० लाखांना. महागाई निर्देशांक १०० वरून ३६३, म्हणजे १८ लाखांचे झाले ६५ लाखांच्या वर. नफा नाही, टॅक्स नाही! मी त्या माणसाला पेढे दिले.

सीएने अहवाल उघडला आणि विचारलं, "२००१चं रेडी रेकनर, मुद्रांक शुल्काचा सरकारी दरतक्ता, जोडलंय का?" नव्हतं. त्या दराने घर बसत होतं ९ लाखांत, आणि २००१ची किंमत त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही, असं २०२० पासून कायद्यातच लिहिलंय. अठराचे नऊ झाले.

फी? घेतली एक टक्का, फुगवलेल्या आकड्यावर, १८ हजार. टक्केवारीवर फी म्हणजे आकडा जेवढा फुगेल तेवढा खिसा फुगेल, हे मला कळायला हवं होतं. बरं, नोंदणीकृत व्हॅल्यूअरच्या फीला तेव्हा नियमात कमाल मर्यादा होती : पहिल्या ५ लाखांवर अर्धा टक्का, पुढच्या १० लाखांवर एक पंचमांश टक्का, त्यापुढच्या ४० लाखांवर एक दशांश टक्का. त्याच्याच १८ लाखांवर होतात २५००, २००० आणि ३००, एकूण ४८००.

थट्टा पुरे. गाडीतून न उतरता सही ठोकणाऱ्या माणसा, तू व्हॅल्यूअर नाहीस, शिक्केवाला आहेस. आणि आपणही काय कमी? नोंदणीचा कागद पाहायच्या आधी "किती बसवाल?" हेच विचारतो. मीही तेच विचारलं होतं. कामाआधी फीची ठरावीक रक्कम लेखी घ्यायची, ती कशाकशाची आणि पाहणी कधी, एवढं कागदावर मागायला काय तोंडाला कुलूप होतं माझ्या?

पेढ्यांचा खोका तर परत मिळणार नाहीच.