अकरा शब्दांचं पाणी

माझी भाची पुण्याला शिकते. 2016 सालच्या दुष्काळात लातूरची माणसं पाण्याविना कशी राहिली, यावर तिला काहीतरी लिहायचं आहे. त्यासाठी दिवाळीत येऊन तिनं आपल्या आज्जीचं, म्हणजे माझ्या आईचं, बोलणं मोबाईलवर टिपून नेलं. तिच्या एका पुणेकर मैत्रिणीनं त्याचं इंग्रजी केलं, आणि मागच्या शनिवारी मला फोन आला, "मामा, एकच वाक्य बघायचंय. पाच मिनिटांचं काम आहे."

मी बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. पाच मिनिटांचं काम म्हटलं की मला घाम फुटायला पाहिजे होता, पण निवृत्त माणसाला कुणीतरी काहीतरी विचारलं याचाच आनंद जास्त.

आईचं वाक्य असं होतं : "रेल्वेनं पाणी येऊ लालतं म्हणे, आमच्या नळाला काही आलंच नाही बघ." मोजून अकरा शब्द. आणि त्याचं इंग्रजी होतं : "द रेल्वे सेड वॉटर हॅज स्टार्टेड कमिंग, बट नथिंग केम टू अवर टॅप, सी."

पहिल्या वाचनात मला काहीच चूक दिसली नाही. खोटं कशाला सांगू, "छान आहे" असं मी टाईपही केलं होतं. मूळ वाक्य डोक्यात वाजत असलं की अनुवादात नसलेलंही दिसतं. म्हणून मराठी बाजूला ठेवलं आणि फक्त इंग्रजी ओळ कागदावर उतरवून शेजारच्या काकांकडे गेलो. ते बँकेतून निवृत्त झालेत, मूळ वाक्य त्यांनी ऐकलेलं नव्हतं. म्हटलं, याचं मराठी करून द्या. त्यांनी चष्मा पुसला, सही करायची जागा शोधली, ती नाही म्हटल्यावर लिहून दिलं : "रेल्वेने सांगितले की पाणी यायला लागले आहे, परंतु आमच्या नळाला काहीही आले नाही, पाहा."

माझ्या आईच्या वाक्यात रेल्वे बोलायला लागली होती.

घोळ त्या "नं"चा. हाच "नं" "रामानं सांगितलं" मध्ये कर्त्याला लागतो आणि "बसनं आलो" मध्ये वाहनाला. मैत्रिणीनं पुढं "म्हणे" बघितलं आणि रेल्वेला बोलतं केलं. पण म्हणणारी रेल्वेच असती, तर "रेल्वेनं म्हटलं" झालं असतं; "म्हणे"च्या कर्त्याला "नं" लागतच नाही. इथलं "म्हणे" कुणाचंच नाही, ते गावाचं आहे. हे मी भाचीला फोनवर समजावलं. ती म्हणाली, "मग काय, दे से लिहू?"

इथं माझा रविवार गेला.

"म्हणे"ला काळ नाही. कालची गोष्ट असो की तीस वर्षांपूर्वीची, "म्हणे" तसंच उभं. इंग्रजीला मात्र ठरवावंच लागतं. "दे से" लिहिलं तर लोक आजही तेच बोलतायत असं होतं, आणि आई तर तेव्हाचं सांगत होती. म्हणजे "दे सेड". बरं, "सपोझेडली" घातलं तर आई सरकारवर आरोप करते आहे असं वाटतं. "अपॅरंटली" घातलं तर आईनं वकिली केल्यासारखं होतं. आणि काढूनच टाकलं, तर आई स्टेशनवर उभी राहून वाघिणी मोजत होती असा अर्थ निघतो. खात्री करावी म्हणून मी आईलाच विचारलं.

"आई, तू ती पाण्याची रेल्वे बघितलीस का?"

"मी कशाला जाऊ बघाया? समदे म्हणू लालते."

झालं. साक्षीदारानंच सांगितलं की ही ऐकीव गोष्ट आहे. गाडी खरीच होती. मिरजेहून निघालेली पहिली गाडी 12 एप्रिल 2016 ला लातूरला पोचली, दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी घेऊन. पण गाडी खरी असणं वेगळं आणि ती आईनं बघितलेली असणं वेगळं.

"येऊ लालतं" हे दुसरं दुखणं. पुण्यात "लागलं" म्हणजे सुरू झालं. "पाऊस पडू लागला" म्हणजे आत्ता पहिला थेंब. आमच्याकडं "जेवू लालो" म्हणजे सुरुवात केली असं नाही, जेवतोय. घास तोंडात आहे. आणि "येऊ लालतं" म्हणजे येत होतं, रोज येत होतं. त्या मैत्रिणीनं मात्र "हॅज स्टार्टेड" लिहून नऊ-दहा वर्षांपूर्वीचं पाणी आज सकाळी सुरू केलं. आता "वॉज कमिंग" लिहायचं, एवढं सरळ होतं. भाची म्हणाली, "पण मामा, लागणे म्हणजे तर सुरू होणे." मी म्हटलं, "बाई, तुझा जन्म लातूरचा. हॉस्टेलच्या मेसमध्ये हे पण धुऊन निघालं का?"

सगळ्यात जास्त नुकसान मात्र "काही"नं केलं असतं. "आमच्या नळाला काही आलंच नाही" यातलं "काही" म्हणजे वस्तू नव्हे. "तो काही यायचा नाही" मध्ये असतं ते "काही". ते फक्त नकार दाबून बसवतं आणि शेवटचा "च" त्यावर पाय देतो. न आलेलं पाणीच आहे, "नथिंग" नाही. बरं, जोर दाखवायला भाचीनं "नेव्हर" सुचवलं आणि त्यापुढं नळाऐवजी "अस", म्हणजे आम्हाला, असं घातलं, का तर "टॅप" रुक्ष वाटतो! मी ओरडलोच. आमच्याकडं पाणी आलं होतं की! टँकरनं आलं. आईनं दोन घागरींसाठी शेजारणीशी भांडण केलं होतं, ते अजून मिटलं नाही. नळ कोरडा होता, एवढंच ती म्हणत होती. "अस" लिहिलं असतं तर शहराला पाणीच मिळालं नाही असा ठपका माझ्या आईच्या नावानं छापून आला असता.

उरलं "बघ". काकांच्या परतीच्या मराठीत "पाहा" नीट परत आलं होतं, म्हणून मी ते बरोबर धरलं होतं. सोमवारी लक्षात आलं की हाच या उलट्या तपासणीचा सापळा आहे. शब्दाला शब्द ठेवला की जाताना आणि येताना तो तोच राहतो, पण मधलं इंग्रजी लाकडी होऊन बसतं. आई भाचीला काही दाखवत नव्हती. ती मांडीवर थाप मारत होती. तिच्या "बघ"ला इंग्रजीत थाप कुठून आणायची? शेवटी "आय टेल यू" ठेवलं. त्यात थाप आहे, पण जरा दुसऱ्याच आज्जीची.

तर सोमवारी संध्याकाळी वाक्य झालं : "वॉटर वॉज कमिंग बाय ट्रेन, सो दे सेड, इट जस्ट डिडन्ट कम इन अवर टॅप, आय टेल यू." ते काकांना दिलं नाही, दुसऱ्या शेजाऱ्याला दिलं. काकांना आता मूळ माहीत झालं होतं, त्यांची परीक्षा आता उपयोगाची नव्हती. परत आलं ते असं : "लोक म्हणायचे, रेल्वेनं पाणी येतंय, आमच्या नळाला मात्र आलंच नाही, सांगते तुम्हाला." "बघ"ची जवळीक गेली, "तुम्हाला" आलं. ते "यू" कधी तू आणि कधी तुम्ही, हे इंग्रजी सांगतच नाही. तिथं मी हात टेकले. आईला वाचून दाखवलं.

"मंग मी दुसरं काय म्हणलते?" ती म्हणाली. "याला किती दिस लागले?"

"तीन."

"आन् ती पोरगी एक तास टिपू लालती की!"

एवढ्यात भाचीचा मेसेज आला. दुसरं वाक्य. "मामा, हे तर फक्त सहा शब्दांचं आहे." वाक्य होतं : "त्या गाडीचा डायवर मिरजेचाच हाय म्हणे."

मी स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारलं, "आई, हे तुला कोण म्हणलं?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

"म्हणे... म्हणून तर म्हणलं."