उरलेले दहा मिली

लहान मुलांचं अँटिबायोटिक विकत घेताना निम्मं काम आपल्यालाच करायचं असतं, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कुठंच लिहिलेलं नसतं. मेडिकलवाला जी बाटली काउंटरवर ठेवतो तिच्या तळाशी थोडी पांढरी पूड आणि वर सगळी हवा असते. पैसे मात्र पूर्ण भरलेल्या बाटलीचे. आमच्या बेळगावच्या शहापुरातले मेडिकलवाले अण्णा कानडी गिऱ्हाइकाशी कानडीत, मराठी गिऱ्हाइकाशी मराठीत आणि सूचना देताना दोन्हीतून बोलतात. मला म्हणाले, "रेघेपर्यंत पाणी घाला, फ्रीजमध्ये ठेवा, द्यायच्या आधी छलो अलगाडस्री, म्हणजे चांगलं हलवा. आणि सात दिवसांनी टाका." एवढं सांगून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्यांच्या एका दमात आमच्या घरातली पुढची सगळी भांडणं मावलेली होती.

चिरंजीवांचा कान दुखत होता. औषध होतं अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड यांचं ड्राय सिरप, पाच मिलीत २०० आणि २८.५ मिलिग्रॅम. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिली, पाच दिवस. म्हणजे दहा डोस, पन्नास मिली. बाटली तीस मिलीची, म्हणून बाटल्या दोन. पन्नास मिलीसाठी साठ मिली घ्यावं लागतं हे गणित ज्याला तिथल्या तिथे कळतं, त्याला उरलेल्या दहा मिलींचं पुढं काय होणार हेही तिथंच दिसलं पाहिजे. मला दिसलं होतं, कारण घरी आई होती.

अण्णांनी दोन्ही बाटल्यांत तिथंच पाणी घालून द्यायची तयारी दाखवली. मी एकाही बाटलीत घालू दिलं नाही. पूड कोरडी असेपर्यंत तिचं आयुष्य खोक्यावर छापलेल्या तारखेप्रमाणे चालतं, म्हणजे वर्ष-दीड वर्ष. पाणी पडलं की ती तारीख संपली. तिथून सात दिवस, तेही थंडाव्यात. पाच दिवसांच्या कोर्सला दोन्ही एकदम कालवल्या असत्या तरी मुदतीत बसल्या असत्या, हे खरं. पण मधेच अंगावर पुरळ उठलं आणि डॉक्टरांनी औषध बदललं, तर कोरडी बाटली निदान खोक्यात शहाण्यासारखी बसून राहते.

सोमवारी रात्री पहिली बाटली कालवायचा समारंभ झाला. आईचा आग्रह कोमट पाण्याचा. "कोमटात लवकर विरघळतं की रे, मी सांगतो ऐक." (आमच्याकडच्या बायका 'सांगतो'च म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.) पण हे औषध विरघळतच नाही. ते पाण्यात बारीक कणांनी तरंगत राहतं, म्हणून त्याला सस्पेन्शन म्हणतात. आणि गरम पाण्यात ते लवकर मोडतं. काही कंपन्या खोक्यातच निर्जंतुक पाण्याची छोटी कुपी देतात. आमच्या खोक्यात ती नव्हती, तेव्हा बायकोनं पाणी उकळून पूर्ण गार केलं होतं.

आधी बाटली तळहातावर टकटक आपटून तळाला बसलेली पूड सुटी केली. मग रेघेच्या बऱ्याच खाली राहील एवढंच पाणी घालून झाकण लावलं आणि हलवलं. इथं एक मोठा घोटाळा होऊ शकतो. तीस मिलीची बाटली म्हणून तीस मिली पाणी मोजून ओतलं की झालं, असं माणसाला वाटतं. पण पूडही जागा खाते. तेवढं पाणी ओतलं तर औषध रेघेच्या वर जातं, पातळ होतं, आणि पोराच्या पोटात प्रत्येक वेळी कमी औषध जातं. कमी घातलं तर उलटं. दुसरी फसगत फेसाची. हलवल्यावर फेस रेघेला टेकतो आणि आपल्याला वाटतं, भरली. फेस बसेपर्यंत थांबलं की औषध रेघेच्या खाली उतरलेलं दिसतं. मग थेंब-थेंब पाणी घालून ते रेघेला आणायचं आणि पुन्हा हलवायचं. हे सगळं बाटली डोळ्यांच्या रेषेत धरून. वरून बघणाऱ्याला रेघ वेगळी दिसते आणि सोफ्यावरून बघणाऱ्या माझ्या मेहुण्याला तर दोन दिसल्या.

हलवण्याच्या बाबतीत मात्र घरात एकमत झालं, कारण मी पंगतीचं उदाहरण दिलं. आमटीचं पातेलं न ढवळता वाढायला घेतलं, तर पहिल्या पंगतीला नुसतं पाणी आणि शेवटच्या पंगतीला सगळी डाळ. बाटलीचंही तेच. न हलवता दिलं तर पहिले दोन-तीन डोस नावापुरते, म्हणजे कान सर्वांत जास्त ठणकतो तेव्हाचे, आणि शेवटचे नको तेवढे कडक. हलवायचं ते एकदा कालवताना नव्हे, दर वेळी. तळाला चिकटलेला पांढरा थर पूर्ण सुटेपर्यंत. आईला हे इतकं पटलं की ती बाटली दोन्ही हातांनी धरून हलवायची. पोराला आपल्याला काय पाजणार आहेत हे तिसऱ्या खोलीत कळायचं आणि तो पलंगाखाली जायचा.

माप म्हणून झाकणावर आलेली प्लास्टिकची टोपीच वापरायची. घरातले चमचे एकाच डब्यातले असले तरी एका मापाचे नसतात.

मग फ्रीज. औषधाला लागतात २ ते ८ अंश. आमच्या फ्रीजमध्ये आंबवून झालेलं डोशाचं पीठ, खडेबाजारातून आणलेला कुंदा, मोगऱ्याचा गजरा आणि कशाची तरी झाकलेली वाटी होती. त्या वाटीबद्दल विचारायचं नसतं. औषध सहज बसेल अशी जागा दारातच होती, आणि नेमकी तीच नको. आमच्या घरात कुणी ना कुणी फ्रीज उघडून काही न घेता बंद करत असतं, आणि दर खेपेला गरम हवा आधी दाराला लागते. बर्फाच्या कप्प्यातही नाही, गोठलेलं औषध नीट मिसळत नाही. तेव्हा कुंद्याचा डबा सरकवून मधल्या फळीवर जागा केली. याने कुंदा समोर आला आणि दोन दिवसांत संपला, तो औषधाचा दुष्परिणाम नव्हे. बुधवारी पाऊस लागला आणि लाईट गेली. दार उघडलं नाही तर फ्रीज साधारण चार तास गार राहतो. म्हणून मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. मेहुण्याला कुंदा पाहिजे होता.

सगळीच ड्राय सिरपं फ्रीजमध्ये जात नाहीत, हेही इथंच सांगून टाकतो. शेजारच्या काकूंच्या नातवाला मागं क्लॅरिथ्रोमायसिन दिलं होतं. ते बाहेरच ठेवायचं असतं. काकूंनी आमचं बघून ते फ्रीजमध्ये ठेवलं होतं. खोका वाचावा, शेजार नव्हे.

पहिल्या बाटलीत सहा डोस. सोमवार रात्रीपासून धरले तर गुरुवारी सकाळी ती संपली. दुसरी गुरुवारी रात्री कालवली आणि लेबलवर पेनानं दोन ओळी लिहिल्या. कालवली : गुरुवार रात्री. टाकायची : पुढचा गुरुवार रात्री. तीतले चार डोस शनिवारी सकाळी संपले, कोर्स पुरा झाला, कान बरा झाला. आणि बाटलीत दहा मिली उरले.

मी बाटली बाहेर काढली तेव्हा आई दारात उभी. "टाकूलास? अजून गुरुवार कुठं आला?"

इथं दोन हिशेब एकत्र येतात. सात दिवस ही बाटलीची मुदत, औषध देण्याची नव्हे. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले की उरलेल्याला काम नाही. मुदत त्याच्या आधी संपली असती, तर मात्र उरलेल्या डोसांसाठी नवी बाटली आणावी लागली असती. आईनं दुसरा मुद्दा काढला. ती खोका घेऊन आली आणि छापील तारखेवर बोट ठेवलं. सरकारनं छापलेली तारीख खोटी आणि तुझ्या पेनाची खरी?

मी सांगितलं ते असं. यातलं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड स्वतः फारसे जंतू मारत नाही. अमॉक्सिसिलिनला फोडणारं विकर काही जंतू बनवतात, त्या विकराला अडवणं हे त्याचं काम. पण पाण्यात तेच सर्वांत आधी मोडतं. नुसत्या अमॉक्सिसिलिनच्या काही बाटल्यांवर चौदा दिवस लिहिलेले असतात आणि या जोडगोळीच्या बाटलीवर सात, ते याचमुळे. शिळं झालं की रंग पिवळा-तपकिरी होतो, पण ताकद गेली तरी रंग तसाच राहिला असंही होतं. कोरडी पूडच गठ्ठा झालेली निघाली, तर मग कालवायचीच नाही.

"म्हणजे ते विषारी होतंय?" आईनं विचारलं.

"विषारी नाही. निकामी. आणि आपण समजतो पोराला औषध दिलं."

"मग राहू दे की पुढच्या सर्दीला."

सर्दी बहुतेक विषाणूंची असते आणि हे ताजं असतानाही त्यांना काही करत नाही. हे मी म्हणेपर्यंत शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या. नातवाला खोकला होता आणि आईनं त्यांना उरलेलं द्यायचा शब्द शुक्रवारीच दिला होता. नातू आमच्या पोरापेक्षा तीन वर्षांनी मोठा. डोस वजनावर ठरतो, दहा मिलीत त्याचा एक दिवसही निघाला नसता. काकूंना ते पटलं नाही, पण वाटी त्यांनी पदराआड केली.

"बरं, मोरीत तरी ओत, बाटली तेलाला होईल," आई म्हणाली. मोरीतलं पाणी गटारात आणि आमच्या भागातलं गटार शेवटी बळ्ळारी नाल्याला, जो पावसाळ्यात शिवारात शिरतो. तिथल्या जंतूंना थोडं-थोडं अँटिबायोटिक पाजून त्यांना ते पचवायला शिकवायचं नाही. मी प्लास्टिकच्या पिशवीत सकाळची चहाची चोथापूड घेतली, दहा मिली तीत ओतले, कालवले, म्हणजे कुणी पोर किंवा कुत्रं तोंड लावणार नाही. पिशवी घट्ट बांधली. लेबल खरवडून बाटलीही घंटागाडीच्या डब्यात टाकली. आई तेलाच्या बाटलीकडे बघावं तशी तिच्याकडे बघत राहिली.

काकू अजून तिथंच. मला वाटलं, आता रागावणार.

"ओ, मग ते माप तरी द्या की," त्या म्हणाल्या. "विरजणाला बरं पडतंय."