निखारे लाल झाले तरी शेगडी बाहेरच

"कोळसा धुरायचा थांबून लाल झाला की शेगडी खोलीत घ्या, शेजारी पाण्याची बादली ठेवा, गॅस पाण्यात विरतो."

हे चूक आहे. धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून निदान कळतो तरी. कार्बन मोनॉक्साइड या विषारी गॅसला ना रंग ना वास, आणि तो लाल निखाऱ्यांतूनच भरपूर निघतो. पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. खोलीतल्या सगळ्यांचंच एकदम डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर पित्त समजू नका. आधी बाहेर पडा, मग 108. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी 98 दाखवू शकतो, कारण हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक त्याला कळत नाही.