झाकण उचललेलं का राहत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

«कथा वाचली. खानावळीतले आप्पा झाकणाची थडथड ऐकून वाफेचा सिद्धांत मांडतात, ही जेम्स वॅटच्या किटलीची गोष्टच सांगलीत आणून बसवलीय. वाफेत एवढा जोर असेल तर झाकण वर उचललेलंच का राहत नाही, वाजतं कशाला? वर वरवंटा ठेवला तर डाळ लवकर शिजायला हवी होती, तीही शिजली नाही. आणि शेवटी गॅस बंद झाल्यावर झाकण चिकटण्याचा प्रसंग कथेला उगाच चिकटवलाय. – एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा»

सर, नमस्कार. तुम्ही कथा बारकाईने वाचलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळी कथा त्याच्यावरच उभी आहे.

आप्पांचं आधणाचं पातेलं डोळ्यासमोर आणा. तोंड ३० सेंटिमीटर रुंद, झाकण ७०० ग्रॅमचं. तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ७०० चौरस सेंटिमीटर भरतं. म्हणजे झाकण उचलायला आतल्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला फक्त १ ग्रॅमने जास्त हवा. एक सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा थर तळावर जेवढा भार टाकतो, तेवढाच. हवेचा स्वतःचा भार दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ १ किलो असतो. त्याच्या हजाराव्या हिश्श्याने हे झाकण हलतं. तेव्हा जोर फार मोठा आहे असं नाही, पसारा मोठा आहे.

आता ते वरच का राहत नाही? घरच्या शेगडीवर पाण्यात दर सेकंदाला १००० ज्यूल उष्णता जाते असं धरलं, तर सेकंदाला अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडं कमी पाणी वाफ होतं. ती वाफ पाऊण लिटरच्या आसपास जागा घेते. १ ग्रॅमच्या दाबाने एवढी वाफ कडेने बाहेर जायला किती फट लागेल, हे काढून बघितलं तर उत्तर येतं केसाच्या जाडीइतकी. झाकण शांतपणे तरंगत राहायचं असेल तर त्याने चारी बाजूंनी बरोबर तेवढीच फट ठेवली पाहिजे. पातेल्याची कड इतकी सरळ कधीच नसते. त्यात कडेवर गार झालेल्या वाफेचं पाणी साचतं आणि ती फट पाण्यानेच बुजते. दाब साठतो, पाण्याचा पडदा फुटतो, झाकणाची एक बाजू दोन मिलिमीटर उचलली जाते. तेवढ्या फटीतून तयार होणाऱ्या वाफेच्या वीसेक पट वाफ निघून जाऊ शकते. दाब क्षणात बसतो, झाकण आपटतं, कड पुन्हा ओली होते. थड, थड, थड. हा एक छोटा झडपेचा फेरा आहे आणि तो आपोआप चालू राहतो.

याची खूण स्वयंपाकघरात रोज दिसते. कड चेपलेलं झाकण वाजत नाही. चेपलेल्या जागेतून वाफ निमूट जाते, दाब साठतच नाही. म्हणून कथेत आप्पा आधी चेपलेलं झाकण काढून दुसरं ठेवतात. ते वाक्य बहुधा नजरेतून सुटलं असेल. आणि हा सगळा तपास त्यांनी साध्या पाण्यावर केलाय, भातावर नाही, कारण भाताचा फेसही झाकण ढकलतो. उतू जाणं आणि वाफेने उचलणं यांत गल्लत झाली की निष्कर्ष फसतो.

वरवंट्याचं सांगतो. तो २ किलो १०० ग्रॅमचा आहे. झाकण धरून भार झाला २ किलो ८०० ग्रॅम, म्हणजे दाब चौपट, दर चौरस सेंटिमीटरला ४ ग्रॅम. पण हवेच्या १००० ग्रॅममध्ये ४ ग्रॅमची भर पडून पाण्याचा उत्कलनबिंदू किती वाढणार? जेमतेम ०.१ अंश. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच असल्याने तिथे पाणी ९८ अंशांच्या जवळ उकळतं. वरवंट्याने ते ९८.१ होईल, आणि तेवढ्याने तूरडाळ लवकर शिजत नाही. वरवंट्याचा परिणाम दिसतो तो आवाजात. दाब चौपट झाल्यावर वाफ दुप्पट वेगाने निघते, निम्म्या फटीत काम भागतं, आणि थडथडीच्या जागी सूं असा आवाज येतो. आप्पांना हा फरक कानाने कळला, हे मला कथेत महत्त्वाचं वाटतं.

मग कुकरची शिट्टी कशी काम करते? तिथे झाकण उचलायचं नसतं, फक्त एका बारीक भोकावरचं वजन उचलायचं असतं. भोक ३ मिलिमीटरचं आणि शिट्टी ७० ग्रॅमची धरा. झाकणाच्या एक दशांश वजन, पण क्षेत्रफळ दहा हजाराव्या हिश्श्याचं. म्हणून दाब हजार पट, दर चौरस सेंटिमीटरला १ किलो, आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जातं. डाळ तिथे शिजते. हाच दाब ३० सेंटिमीटरच्या साध्या झाकणाखाली आणायचा तर त्यावर सातशे किलो ठेवावे लागतील. कुकरचं झाकण खाच्यांत अडकवतात ते याच कारणाने. भोकात डाळीचं टरफल अडकलं तर दाब त्याच झाकणावर चढत जातो, म्हणून शेजारी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो आणि तो काढून तिथे स्क्रू ठोकणं जिवावर बेतू शकतं.

एका ठिकाणी मी चुकलोय. कथेत एक वाक्य आहे : «दाब म्हणजेच काम.» हे बरोबर नाही, आणि तुम्ही ते दाखवलं नसलंत तरी इतरांनी दाखवलं असतं. बंद कुकरमध्ये दाब भरपूर असतो, पण काहीही हललं नाही तर काम शून्य. दाबाने काहीतरी सरकलं तरच काम होतं. आप्पांच्या झाकणाचा मध्य दर आपटीला एक मिलिमीटर उचलला जातो. ७०० ग्रॅम, एक मिलिमीटर, सेकंदाला तीन वेळा : हे काम सेकंदाला ०.०२ ज्यूल इतकं होतं. शेगडीतून आलेल्या १००० ज्यूलमधून झाकणाच्या वाट्याला एवढंच. वाक्य बदलून मी «दाबाने ढकललं आणि ढकललेलं सरकलं, तेव्हा काम झालं» असं करतोय.

मात्र वाफ याहून खूप मोठं एक काम करत असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. सेकंदाला पाऊण लिटर वाफ जागा घेते म्हणजे तितकी हवा बाजूला ढकलते. हवेचा भार दर चौरस सेंटिमीटरला किलोभर, त्यामुळे हे काम सत्तर-पंचाहत्तर ज्यूलचं भरतं. झाकणाच्या कामाच्या काही हजार पट. ते वाया जातं असंही नाही. हवा ते परत देते, फक्त वाफ गार व्हायला हवी.

शेवटचा प्रसंग म्हणूनच तिथे आहे. आप्पा काय करतात, क्रमाने बघा. पाणी दहा मिनिटं खळखळू देतात, म्हणजे झाकणाखालची हवा वाफेबरोबर निघून जाते. मग आधी गॅस बंद करतात आणि लगेच कडेला कणीक दाबतात. झाकणावर ओलं फडकं टाकतात. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफ गार होऊन पाण्याचे थेंब बनतात, दाब उतरतो, आणि बंद शेगडीवरच्या पातेल्यात पुन्हा बुडबुड ऐकू येते. दाब कमी झाला की ९५ अंशांचं पाणीही उकळतं. मग ते झाकणाची मूठ धरून उचलतात तर अख्खं पातेलं वर येतं. पाण्यासकट ७ किलो पातेलं उचलायला दर चौरस सेंटिमीटरला फक्त १० ग्रॅमचा फरक पुरतो, आणि पाणी एक-तृतीयांश अंशाने निवलं तरी तो फरक पडतो. पाणी ९० अंशांवर येईपर्यंत कणकेने हवा रोखून धरली असती, तर झाकणावरचा भार पावणेदोनशे किलोंच्या घरात गेला असता. प्रत्यक्षात कणीक त्याआधीच कुठेतरी हवा आत सोडते. हवा आधी नीट बाहेर काढली नसेल तर झाकण चिकटतही नाही, कारण ती गार होऊन थेंब बनत नाही, तिथेच राहते.

वॅटचं म्हणाल तर किटलीचं झाकण उडताना पाहून त्याला इंजिन सुचलं, ही दंतकथाच. पण किटली त्याने वापरली होती, वेगळ्या कामाला. तिची वाफ गार पाण्यात सोडून त्याने मोजलं की थोडी वाफ आपल्या वजनाच्या साधारण सहापट पाणी उकळीपर्यंत तापवते. वॅटच्या आधीचं, न्यूकमेनचं १७१२ चं इंजिन वाफेच्या रेट्यावर चालत नव्हतं. सिलिंडरमध्ये गार पाणी फवारून वाफ आटवायची आणि दट्ट्या हवेने खाली ढकलायचा, असं ते होतं. दर फेऱ्यात सिलिंडर गार करून पुन्हा तापवण्यात बरीचशी उष्णता जायची. वाफ वेगळ्या भांड्यात गार करायची, ही वॅटची १७६५ ची कल्पना. म्हणजे आप्पांचं वाजणारं झाकण त्या इंजिनापासून लांब आहे आणि चिकटलेलं झाकण जवळ. थडथडीवर कथा संपवली असती तर तुमचा किटलीचा आक्षेप खरा ठरला असता.

तुमच्याकडच्या साखर कारखान्यातलं व्हॅक्यूम पॅनही याच जातीचं. वर निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये गार पाण्याने आटवतात, उरलेली हवा पंपाने काढतात, आणि पाक शंभर अंशांच्या बराच खाली उकळवतात, म्हणजे साखर करपत नाही.

कथेत एक ओळ आणखी घालतोय, कारण कोणी करून बघेल. कणीक गॅस बंद केल्यानंतरच लावायची. खाली आच चालू असताना कड बुजवली तर वाफेला वाट उरत नाही, आणि कणीक सुटेल तिथून उकळतं पाणी माणसाच्या अंगावर येतं. झाकण जाड आणि घुमटाकार हवं. पातळ सपाट अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर फडकं टाकताच मधोमध आत बसतं.