आठ क्लिक जास्त आले म्हणून थंबनेल जिंकत नाही

“थंबनेल बदला, चोवीस तास थांबा. क्लिकचा टक्का वाढला की नवं चांगलं, जुनं काढून टाका. व्ह्यूज कमी असले तरी हे चालतं.” (बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या युट्यूबवाल्यांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज)

आधी आकडे बघू. समजा, बेळगावी कुंद्याचा व्हिडिओ आहे. वाटीतल्या रवाळ कुंद्याचं थंबनेल ४०० वेळा दिसलं आणि २० क्लिक आले. कढईत आटणाऱ्या दुधाचं थंबनेलही ४०० वेळा दिसलं आणि २८ आले. टक्का ५ वरून ७ वर गेला, पण फरक आठ माणसांचा. दोन्ही सारख्याच वेळा दिसली असतील तर एक सोपी कसोटी आहे: एकूण क्लिकचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. इथं ४८ चं वर्गमूळ सुमारे ७, दुप्पट १४. आठचा फरक त्याच्या आत आहे, म्हणजे तो निव्वळ योगायोगानंही पडू शकतो. ५ आणि ७ टक्क्यांतला खरा फरक बहुतेक वेळा पकडायचा, तर प्रत्येक थंबनेल साधारण २,२०० वेळा दिसायला हवं.

चोवीस तासांची अटही घात करते. नवा व्हिडिओ आधी नेहमीच्या प्रेक्षकांना दिसतो, मग अनोळखी लोकांपुढे जातो आणि टक्का आपसूक उतरतो. त्यात गणपतीच्या आठवड्यात गोडाच्या रेसिपीला मागणी चढते, ती थंबनेलमुळे नव्हे. म्हणून जुना, स्थिरावलेला व्हिडिओ घ्या आणि एकेक आठवडा असा क्रम ठेवा: वाटी, कढई, कढई, वाटी. रोज १६० इंप्रेशन्स मिळत असतील तर चार आठवड्यांत दोघांच्या वाट्याला प्रत्येकी २,२४० येतात, रविवारही सारखे येतात आणि हळूहळू होणारी घसरण दोघांत वाटली जाते. या काळात शीर्षकाला हात लावू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. आणि मुदत आधीच ठरवा! रोज आकडे बघून, मनासारखा फरक दिसला त्या दिवशी थांबलात, तर खोटा विजेता सापडण्याची शक्यता बरीच वाढते.

क्लिकपलीकडचंही मोजा. कढईवाल्या २८ जणांनी सरासरी दीड मिनिट पाहिलं तर ४२ मिनिटं झाली. वाटीवाल्या २० जणांनी तीन मिनिटं पाहिलं तर ६०. थंबनेलनं कबूल केलेलं आत मिळालं नाही की लोक लगेच निघून जातात. युट्यूबची स्वतःची थंबनेल चाचणीही क्लिकवर नाही, पाहण्याच्या वेळेवर निकाल देते. ती तीनपर्यंत थंबनेलं एकाच काळात वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवते, त्यामुळे आठवड्यांची अदलाबदल करावी लागत नाही. तुमच्या खात्यात ती असेल तर तीच वापरा.

महिन्याभरानंतरही फरक कसोटीच्या आतच राहिला, तर “दोन्ही सारखीच” असं लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी रंग किंवा अक्षरांचा आकार न बदलता चित्रच वेगळं घ्या. किरकोळ बदलातला फरक इतक्या कमी इंप्रेशन्सवर दिसत नाही.