दीड ते चार-वीस : नानावटी खटला आणि इच्छास्वातंत्र्य

२७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांना त्यांच्या पत्नीने दुपारी आपल्या परपुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. साधारण दीड वाजता ते घरातून निघाले. पत्नीला, दोन मुलांना आणि शेजारच्या एका मुलाला त्यांनी सिनेमा थिएटरवर सोडलं आणि सहाला खेळ सुटला की न्यायला येतो असं सांगितलं. मग ते आपल्या जहाजावर गेले. रात्री एकट्यानेच गाडी चालवत अहमदनगरला जायचंय, असं कारण सांगून त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. तिथून पत्नीचे ज्याच्याशी संबंध होते त्या प्रेम आहुजाच्या ऑफिसात गेले, तो तिथे नाही म्हटल्यावर त्याच्या घरी. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास आहुजा मेला होता. नानावटींनी स्वतःच पोलिसांकडे जाऊन सांगितलं.

या खटल्याची आठवण लोकांना ज्युरीमुळे आहे, वर्तमानपत्रांमुळे आहे. माणसाला खरंच निवड करता येते का, आणि येत नसेल तर शिक्षेचं काय करायचं, या प्रश्नासाठी मात्र त्यातले ते जवळजवळ तीन तास महत्त्वाचे आहेत.

सत्र न्यायालयात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी 'निर्दोष' असा कौल दिला. न्यायाधीशांना तो मान्य झाला नाही, त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयाने खून ठरवून जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. झटापटीत गोळ्या चुकून सुटल्या, ही बचावाची मुख्य भूमिका टिकली नाही. उरला पर्यायी मुद्दा : गंभीर आणि अचानक प्रक्षोभ. हा अपवाद लागू झाला की खुनाचा 'सदोष मनुष्यवध' होतो. खुनाला फाशी किंवा जन्मठेप, त्याखाली काहीच नाही. अपवाद लागला तर तेव्हाच्या कायद्यात न्यायाधीशाला दहा वर्षांपर्यंतची कितीही कमी शिक्षा देता येत असे. (तेव्हा हा अपवाद भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० मध्ये होता, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये आहे.)

न्यायालयाने कसोटी अशी घातली : आरोपी ज्या सामाजिक थरातला आहे त्याच थरातला एखादा समंजस माणूस त्याच परिस्थितीत असता, तर त्याचाही ताबा सुटला असता का? आणि मारलेला घाव थेट त्या क्षोभातून आलेला हवा, राग निवल्यावर किंवा बेत करायला वेळ मिळाल्यावर आलेला नको. नानावटी दुसऱ्या अटीवर अडकले. दीड ते चार-वीस या वेळात भानावर यायला पुरेसा अवधी होता, आणि त्यांच्या वागण्यातून ते भानावर आलेलेच दिसतात, असं न्यायालयाचं म्हणणं. त्यांनी मुलांची सोय लावली, जहाजावर पटेल असं कारण दिलं, माणूस ऑफिसात नाही म्हटल्यावर त्याचं घर गाठलं.

आता नियतत्ववादी, म्हणजे प्रत्येक गोष्ट आधीच्या कारणांनी ठरलेली असते असं मानणारा, इथे उभा राहतो, आणि त्याचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. तो म्हणेल, ते तीन तासही ठरलेलेच होते. नानावटींचा स्वभाव, नौदलातलं शिक्षण, 'इज्जत' या शब्दाला त्यांच्या जगात असलेलं वजन, त्या दुपारी रक्तात उसळलेली रसायनं, हाताशी असलेलं शस्त्रागार, यातलं काय त्यांनी निवडलं होतं? आणि यातलं काही निवडलं असेल, तर निवडणारा तो माणूस कुणी घडवला? मागे जात राहा, कुठेतरी त्यांच्या जन्माच्याही पलीकडे पोहोचता. आपण आपल्याला मुळापासून घडवलेलं नसतं. या युक्तिवादाला मला आजवर समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. उत्तर नाही हे मान्य करूनच पुढे जायला हवं असं माझं मत आहे.

गंमत अशी की न्यायालयाची कसोटी हे अर्धं मान्यच करते. 'त्याच थरातला माणूस' म्हणणं म्हणजे कारणांना मागच्या दाराने आत घेणं. माणूस ज्या जगात वाढला त्यावर त्याच्या रागाचा भडका ठरतो, हे कायदा जाणतो. मग तो थांबतो कुठे? दीड वाजता आणि चार-वीसला नानावटींच्या डोक्यात वेगवेगळं काहीतरी चालू होतं, हा फरक तो सोडत नाही.

हा फरक नियतत्ववाद खरा असला तरी खराच राहतो, आणि माझा सगळा मुद्दा यावर उभा आहे. दीड वाजता ऐकलेल्या कबुलीनंतर तिथल्या तिथे हात उठला असता, तर 'असं केलंस तर फाशी जाशील' हे वाक्य त्या हातापर्यंत पोहोचायला वाटच नव्हती. चार वाजता ती वाट उघडी होती. मुलांचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला आणि त्याप्रमाणे ते वागले. जहाजावर काय सांगितलं तर चालेल हेही त्यांनी हिशेबाने ठरवलं. म्हणजे कारणं ऐकून वागणं बदलणारी यंत्रणा चालू होती. ती कारणांनी बनलेली असली म्हणून बंद पडलेली ठरत नाही. तराजूचा काटा वजनामुळेच हलतो, म्हणून तराजू बिघडलाय असं आपण म्हणत नाही. वजन ठेवूनही हलत नाही तो बिघडलेला.

'बुद्धिः कर्मानुसारिणी' म्हणून हात वर करणारे इथे चुकतात. दैववाद म्हणतो, तू काहीही विचार कर, व्हायचं ते होणारच. नियतत्ववाद असं म्हणत नाही. तो म्हणतो, तुझा विचार हाही साखळीतला एक दुवा आहे, आणि तो वेगळा असता तर परिणामही वेगळा झाला असता. म्हणूनच कायदा, धाक, समजूत, लाज या सगळ्यांना नियतत्ववादातही काम उरतं.

बेंजामिन लिबेट यांचा १९८३ चा प्रयोग हमखास पुढे केला जातो. हात हलवायच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत तयारीचा विद्युतसंकेत सुरू होतो, आणि 'आता हलवावा' ही जाणीव माणसाला हालचालीच्या साधारण पाचवा हिस्सा सेकंद आधी होते. प्रयोग चांगला आहे. पण तो मनगट कधी हलवायचं यावर आहे, जिथे आत्ता किंवा नंतर याला काहीच कारण नसतं. तीन तास गाडी चालवत, कारणं जुळवत केलेल्या गोष्टीबद्दल तो फारसं काही सांगत नाही.

यंत्रणा खरोखर बिघडते तेव्हा काय होतं, याचं एक नोंदलेलं उदाहरण अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचं आहे. साल २०००. चाळिशीतला शिक्षक, आधी असा काही इतिहास नाही. अचानक बालकांविषयीची अश्लील चित्रं जमवू लागला आणि घरातल्या मुलीशी गैरवर्तनाचा प्रयत्न केला. दोषी ठरला. शिक्षा सुनावण्याच्या आदल्या संध्याकाळी असह्य डोकेदुखीने इस्पितळात गेला, तेव्हा स्कॅनमध्ये कपाळामागच्या, आवेग आवरणाऱ्या भागाला दाबणारी अंड्याएवढी गाठ सापडली. ती काढल्यावर विकृत ओढ गेली आणि काही महिन्यांनी तो घरी परतला. २००१ च्या ऑक्टोबरात डोकेदुखीबरोबर चित्रं जमवणंही परत सुरू झालं. स्कॅन केलं तर गाठ पुन्हा वाढलेली. ती काढली, ओढ पुन्हा गेली.

एका माणसावरून नियम काढायचा नसतो, पण गाठ आणि वागणं दोनदा सोबत आलं आणि दोनदा सोबत गेलं, हे सहज बाजूला टाकता येत नाही. शिवाय आपण करतोय ते चूक आहे हे त्याला कळत होतं, तो ते लपवत होता. आवरता येत नव्हतं. हा माणूस भारतात असता तर मनोविकलतेचा बचाव (पूर्वी कलम ८४, आता न्याय संहितेचं कलम २२) त्याला मिळाला नसता. ते कलम एवढंच विचारतं : कृत्याचं स्वरूप, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे, त्याला मनोविकलतेमुळे कळण्यासारखं नव्हतं का? 'आवरणं शक्य होतं का' हा प्रश्न त्यात नाही. अनावर आवेगाला आपल्याकडे बचाव म्हणून स्थान नाही. कायद्याची भीती मी समजू शकतो. आवरता येत नव्हतं आणि आवरायचं नव्हतं यातला फरक बाहेरून पुराव्याने दाखवणं फार अवघड, आणि प्रत्येकजण पहिलंच सांगेल. तरीही समजण्याची शक्ती आणि आवरण्याची शक्ती वेगवेगळ्या ठिकाणी तुटू शकतात, हे दिसल्यावर फक्त पहिलीच मोजत राहणं मला अन्यायाचं वाटतं.

मग शिक्षेचं काय? काही विचारवंत म्हणतात, शिक्षा हा शब्दच सोडा. साथीच्या रोग्याला दोष न देता वेगळं ठेवतो, तसं धोकादायक माणसाला ठेवा, जितका धोका तितकाच काळ. ऐकायला माणुसकीचं वाटतं. नानावटींवर लावून पाहा. त्यांच्यापासून आणखी कुणाला धोका होता? जवळजवळ कुणालाच नाही. म्हणजे त्यांना त्याच संध्याकाळी घरी सोडायचं. उलट, किरकोळ चोऱ्या करणारा पण सुटला की पुन्हा करणार हे दिसत असलेला गरीब पोरगा अनिश्चित काळ आत. या हिशेबात माणसाने काय केलं याला किंमत राहत नाही, तो पुढे काय करेल या अंदाजाला राहते.

मला पटतं ते असं. 'त्याने केलं, म्हणून त्याने भोगलंच पाहिजे' हा बदल्याचा भाग नियतत्ववादापुढे टिकत नाही. माणसाने स्वतःला घडवलेलं नसताना त्याचं दुःख हेच चांगलं, असं म्हणता येत नाही. पण दुसरा पाया उरतो. समाज आधीच जाहीर करतो की हे करू नका, केलंत तर ही किंमत आहे. ती किंमत त्याच माणसाकडून घ्यायची, ज्याला ती टाळायची रास्त संधी होती, म्हणजे नियम कळण्याची, त्याप्रमाणे आवरण्याची आणि तेवढ्या वेळाची. नानावटींना ती संधी होती, गाठ असताना त्या शिक्षकाला बहुधा नव्हती. या पायावर शिक्षा टिकते, पण छाटून टिकते. नियम जिवंत ठेवायला लागेल त्याहून एक दिवसही जास्त देण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. तुरुंगात मुद्दाम हाल करण्याचा तर नाहीच. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. त्यामागच्या ओळखी आणि लोकप्रियता मला खटकतात, पण दोषी ठरवून काही वर्षांनी सोडणं ही गोष्ट मला विसंगत वाटत नाही.

रास्त संधी किती होती हे शोधायचं कसं, याचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या मनोज प्रकरणात आखून दिला आहे. आरोपीचं बालपण, घरची स्थिती, शिक्षण, मानसिक तपासणीचा अहवाल, तुरुंगातली वागणूक ही माहिती खटल्याच्या टप्प्यावरच मागवावी असं न्यायालयाने सांगितलं. पण हे फाशीच्या शक्यतेच्या प्रकरणांपुरतं. बाकीच्या आरोपींनाही दोषी ठरल्यावर शिक्षेबाबत ऐकून घ्यावं असं कायदा सांगतो, आणि तिथे बहुतेक वेळा 'आरोपी तरुण आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया करावी' एवढ्या दोन ओळींवर काम भागतं. दहा वर्षं आत जाणाऱ्याच्या डोक्याचं स्कॅन किंवा त्याच्या बालपणाचा अहवाल कुणी मागवत नाही, कारण मागवायला कुणी सांगितलेलं नाही.